नोकरी मिळते, लागते आणि भेटतेही?

आम्ही तिघे शाळेपासूनचे मित्र. एकाने तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढली. दुसरा एसटीत वाहक होता. नाशिकहून कळवण, सटाणा, धुळे, जळगाव अशा गाड्यांवर त्याची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी आम्ही देवळाच्या पारावर बसतो. परवा मुद्रितशोधक जरा घुश्श्यातच आला. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि आमच्यासमोर धरला. पुण्याला शिकणाऱ्या नातवाचा निरोप होता, ‘आजोबा, मला नोकरी भेटली!’

खाली आजोबांचं उत्तर होतं, ‘अभिनंदन. नोकरी मिळते, भेटत नाही.’

त्यानंतर नातवाकडून काहीच आलं नव्हतं.

“अरे, पोराला नोकरी लागली आणि तू त्याला व्याकरण शिकवतोस?” वाहक म्हणाला.

“चूक ती चूक. माणसं भेटतात, वस्तू मिळतात. एवढं साधं आहे. नोकरी काय बसस्टँडवर उभी होती याची वाट बघत?”

“आणि मी आत्ता ‘लागली’ म्हणालो, ते तुला खटकलं नाही?”

“ते बरोबरच आहे. नोकरी लागते.”

“का लागते? लागते ती ठेच. लागते ती आग. नोकरी काय पायाला लागली त्याच्या?”

मुद्रितशोधक थबकला. मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. पुढे तासभर जो वाद झाला, त्यात दोघांच्याही पदरात काही ना काही पडलं. ‘तिकीट भेटलं’, ‘सुट्टी भेटली’, ‘पगार भेटला’ ही वाक्यं ऐकून ज्यांच्या कपाळाला आठी पडते आणि जे ती सहज बोलतात, त्या दोन्ही पक्षांसाठी तो वाद इथे मांडतो आहे.

मुद्रितशोधकाचं म्हणणं स्वच्छ होतं. मराठीत दोन क्रियापदं आहेत आणि त्यांनी कामं वाटून घेतली आहेत. भेटायला समोर जीव लागतो. मित्र भेटतो, पाहुणे भेटतात, भक्ताला विठ्ठल भेटतो. ज्याला मन नाही ते मिळतं. पैसे मिळतात, रजा मिळते, नोकरी मिळते. “घरात दोन डबे आहेत. एकात साखर, एकात मीठ. तू म्हणतोस, दोन्ही एकातच ओता.”

“डबे तसे कधी वेगळे होते का, ते आधी बघू,” वाहक म्हणाला. “गोदावरी समुद्राला काय करते?”

“मिळते.”

“आणि किल्लेदार फितूर झाला की तो शत्रूला...”

“...जाऊन मिळतो.”

“म्हणजे माणूसही मिळतो आणि नदीही मिळते. दोन्ही ठिकाणी कुणाच्या हातात काही पडलेलं नाही. मग तुझा साखरेचा डबा कुठे गेला?”

हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. ‘मिळणे’च्या मुळाशी संस्कृतातला ‘मिल्’ हा धातू आहे आणि त्याचा अर्थ एकत्र येणं, जुळणं. ‘मिलन’ हा शब्द त्याचाच. आजच्या मराठीतही हा जुना अर्थ जिवंत आहे. आपण मिळून काम करतो, मिळूनमिसळून राहतो, दोन रंग मिळतेजुळते असतात. प्राप्त होण्याचा अर्थ याच अर्थातून फुटला. एखादी गोष्ट माझ्यापाशी येऊन जुळली, म्हणजेच ती माझी झाली. पुढे हाच अर्थ इतका रुळला की आज ‘मिळणे’ म्हटलं की आधी तोच मनात येतो.

आता ‘नोकरी भेटली’ या वाक्याकडे पाहा. एकत्र येण्याचा अर्थ असलेलं क्रियापद प्राप्त होण्याच्या अर्थाने वापरलं जातंय. ‘मिळणे’ ज्या वाटेने गेलं, त्याच वाटेने ‘भेटणे’ निघालं आहे. ‘लागणे’चीही तीच कथा. लागणं म्हणजे टेकणं, स्पर्श होणं, चिकटणं. त्यातून नोकरी लागली, लॉटरी लागली, काही हाती लागलं. मराठीत ‘मला’ म्हणायचं आणि वस्तूला कर्ता करायचं, ही प्राप्ती सांगण्याची जुनी रीत आहे. मला मिळालं, मला लाभलं, मला सापडलं, मला गवसलं. या वाक्यांत मी काही करत नाही. वस्तू माझ्याकडे येते. अशा वाक्यात जवळ येण्याचं, गाठ पडण्याचं क्रियापद बसावं, यात भाषेच्या स्वभावाविरुद्ध काहीच नाही.

“ठीक आहे,” मुद्रितशोधक म्हणाला, “पण हे आपलं नाही. हिंदीची नक्कल आहे. हिंदीत ‘दोस्त मिला’ आणि ‘नौकरी मिली’, दोन्हीला ‘मिलना’ एकच. तिथून आलंय हे.”

हा आक्षेप सगळीकडे ऐकू येतो आणि त्यात तथ्य अजिबात नाही असं म्हणता येणार नाही. मुंबईसारख्या शहरात ज्याच्या घरची भाषा हिंदी किंवा गुजराती आहे, त्याला एका शब्दासाठी मराठीत दोन शब्द सापडतात. गुजरातीत ‘मळवुं’ माणसालाही चालतं आणि वस्तूलाही. कुठे कोणता वापरायचा यात त्याचा घोटाळा होणं स्वाभाविक आहे. पण वाहकाने लगेच विचारलं, “नक्कल करायची तर ‘मिला’च्या जागी ‘मिळाला’ आलं असतं. पोरं ‘मला मित्र मिळाला बसस्टँडवर’ असं म्हणाली असती. ती उलटं का बोलतात?” मग तो त्याच्या आजीबद्दल बोलला. सटाण्याकडच्या खेड्यातून ती बाहेर पडली नव्हती. हिंदी तिच्या कानावरून गेली असली तरी तोंडात कधी आली नव्हती. तीही पाऊस लांबला की म्हणायची, ‘औंदा दाणा भेटतो का नाही.’

तेव्हा एकट्या हिंदीवर खापर फोडून भागत नाही. शेजारच्या कोकणीत ‘मेळप’ हे एकच क्रियापद आहे. माणूसही मेळटा आणि पुस्तकही मेळटा. कानडीत ‘सिगु’ दोन्हीला चालतं. माणसाची गाठ पडणं आणि वस्तू हाती येणं ही आपल्या अनेक शेजाऱ्यांना एकाच जातीची घटना वाटते. मराठी माणसाच्या तोंडीही ती कधीमधी एका शब्दात येत असेल, तर त्यासाठी बाहेरच्या कुणी शिकवायची गरज नाही.

मुद्रितशोधकाने मात्र हाच धागा उलटा ओढला, आणि तो बरोबर होता. “शेजाऱ्यांकडे एकच शब्द आहे, आपल्याकडे दोन. म्हणजे आपल्याकडे एक जास्तीची सोय आहे. ती तू फुकट का घालवतोस? ऐक. समज, एका गावाने वर अर्ज केला, ‘तीन महिने आम्हाला डॉक्टर मिळालेला नाही.’ याचा अर्थ काय?”

“जागा रिकामी आहे. डॉक्टर नेमलेलाच नाही.”

“आणि ‘तीन महिने आम्हाला डॉक्टर भेटलेला नाही’?”

वाहक जरा थांबला. “डॉक्टर आहे, पण गेलं की जागेवर नसतो.”

“मग? पहिल्या अर्जावर नेमणूक करायची आणि दुसऱ्यावर हजेरीपट तपासायचा. अर्ज लिहिणाऱ्याने दोन्हीला ‘भेटला नाही’ लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?”

वाहकाने ते मान्य केलं. मग त्याने एक गोष्ट दाखवली, आणि ती माझ्या मते या सगळ्या वादाचं मर्म आहे. घोटाळा झाला तो डॉक्टरमुळे, कारण डॉक्टर माणूस आहे. माणूस भेटतोही आणि मिळतोही. कामाला गडी मिळतो, मुलीला स्थळ मिळतं, भाड्याच्या घराला भाडेकरू मिळतो. तिथे ‘भेटला’ म्हटलं की दोन अर्थ उभे राहतात. पण ‘तिकीट भेटलं’ याचे दोन अर्थ होऊच शकत नाहीत. तिकिटाची आणि माझी गाठभेट होऊन चारदोन शब्द झाले, असं कुणालाही वाटत नाही. म्हणजे नुकसान आहे, पण ते माणसांपुरतं. वस्तूंच्या बाबतीत ऐकणाऱ्याचं काही बिघडत नाही.

“तीस वर्षं ऐकत आलो,” वाहक सांगत होता. “गाडी फलाटाला लागली की खिडकीतून पिशवी टाकतात आणि ओरडतात, ‘ओ मास्तर, जागा भेटंल का?’ ‘सुट्टे भेटतील का?’ एकाही वेळी मला कळलं नाही असं झालं नाही. मी तिकीट फाडून दिलं, सुट्टे दिले. चूक असती तर कुठेतरी गाडी अडली असती.”

“कळणं आणि शुद्ध असणं वेगळं.”

“मग शुद्ध-अशुद्ध ठरवायचं कशावरून, ते सांग. तुझ्या नियमांच्या पुस्तकात आहे का?”

नाही. मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे जे नियम केले, त्यांतले 14 नियम 1962 साली आले आणि 1972 साली आणखी 4 जोडले गेले. असे एकूण 18. अनुस्वार कुठे द्यावा, ऱ्हस्व-दीर्घ कसं लिहावं, अशा गोष्टी त्यांत आहेत. ‘भेटणे’ कुणाला लावावं आणि ‘मिळणे’ कुणाला, याचा नियम त्यांत नाही, आणि असायचं कारणही नाही. ते नियम लेखनाचे आहेत. शब्दांचे अर्थ बोलणाऱ्यांच्या वापरातून ठरतात. मुद्रितशोधकाला हे ठाऊक होतंच. तीस वर्षं त्याने ते 18 नियम पाळले आणि पाळायला लावले. तरीही ‘भेटणे’ दिसलं की त्याची लेखणी आपोआप त्यावर काट मारायची.

मग चूक ओळखायची कशी? आमच्या बोलण्यातून दोन कसोट्या निघाल्या. पहिली, बोलणारा स्वतः ती सुधारतो का. बोलता बोलता कुणी ‘मी बाजारात गेला’ म्हणालं तर पुढच्याच श्वासात तो ‘गेलो’ म्हणतो. ती खरी चूक, जीभ घसरलेली. ‘नोकरी भेटली’ म्हणणारा काहीही सुधारत नाही. त्याच्या कानाला ते नीटच वाटतं आणि त्याच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या कानालाही.

दुसरी कसोटी जास्त बारीक आहे. त्या वापराला स्वतःचा नियम आहे का? ‘भेटणे’ची प्रमाण मराठीत दोन वाक्यं होतात. ‘मला तो भेटला’ आणि ‘मी त्याला भेटलो’. पहिल्यात गाठ पडते, दुसऱ्यात मी मुद्दाम जातो. आता वस्तू घालून पाहा. ‘मला पुस्तक भेटलं’ असं लाखो लोक म्हणतात. ‘मी पुस्तकाला भेटलो’ असं त्यांतला एकही म्हणत नाही. ‘नोकरीला भेटायला गेलो’ नाही, ‘पगाराची भेट झाली’ नाही. सरमिसळ असती तर हीही वाक्यं कानावर आली असती. येत नाहीत, कारण बोलणाऱ्याच्या डोक्यात सीमा पक्की आहे. आपणहून जाऊन भेटणं माणसांसाठीच राखलेलं आहे. फक्त आपल्याकडे चालत येण्याचं वाक्य वस्तूंना खुलं झालं आहे. तसंच ‘मिळून काम करू’च्या जागी त्या अर्थाने ‘भेटून काम करू’ कुणी म्हणत नाही. म्हणजे मुद्रितशोधकाचे दोन डबे या लोकांकडेही आहेत. फक्त झाकणं जरा वेगळ्या ठिकाणी बसवलेली आहेत.

हे ऐकून मुद्रितशोधक काही वेळ बोलला नाही. मी तेव्हा त्याला महाभाष्यातली गोष्ट सांगितली. पतंजली इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले. पाणिनीच्या सूत्रांवर त्यांनी जे भाष्य लिहिलं, त्यात हा प्रसंग आहे. एक वैयाकरण एका रथापाशी येतो आणि विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’ कोण? प्रवेता म्हणजे हाकणारा. सूत्राप्रमाणे तेच रूप होतं. सारथी म्हणतो, मी या रथाचा ‘प्राजिता’. वैयाकरण लगेच म्हणतो, हा अपशब्द आहे. त्यावर सारथी त्याला ऐकवतो की तुम्हाला सूत्राने काय प्राप्त होतं ते कळतं, पण लोकांना काय इष्ट आहे ते कळत नाही. वैयाकरण चिडून या दुष्ट सूताने आपल्याला पिडलं असं काहीसं म्हणतो, आणि त्या शिवीचं रूपही चुकवतो. सारथी तेही दुरुस्त करून देतो. महत्त्वाचं म्हणजे पतंजलींनी ही गोष्ट सारथ्याच्या बाजूने सांगितली आहे. व्याकरणाच्या सर्वांत मोठ्या भाष्यकाराने सूत्रापेक्षा वापराला वरचढ ठरवलं आहे. त्याच ग्रंथाच्या आरंभी ते असंही म्हणतात की घडा हवा असला की माणूस कुंभाराकडे जातो आणि एक घडव म्हणतो. पण शब्द हवा म्हणून वैयाकरणाच्या घरी कुणी जात नाही.

“तोही गाडीवरचाच होता म्हणजे,” वाहक खूश होऊन म्हणाला.

मग एक अवघड प्रश्न उरला. शब्दात दोष नाही, तर तो खटकतो का? मुद्रितशोधकाने स्वतःच त्याचं उत्तर शोधलं आणि मला ते प्रामाणिक वाटलं. कुणी ‘घावलं’ किंवा ‘गावलं’ म्हटलं तर त्याला राग येत नाही, उलट ते गोड वाटतं. ते शब्द बोलीतले आहेत हे उघड दिसतं. त्याच्या पुस्तकी मराठीशी त्यांची गाठच पडत नाही. ‘भेटणे’ हा मात्र त्याच्या स्वतःच्या घरातला शब्द. तो दुसऱ्या कुणी वेगळ्या अर्थाने वापरला की आपल्या घरातली वस्तू कुणी हलवून ठेवल्यासारखं होतं. आणि हलवणारा बहुतेक वेळा कोण असतो? गावाकडचा, चाळीतला, पहिल्यांदा शिकलेला. ‘अशुद्ध’ या शब्दात तोही भाग आहे. आपण वाक्याला अशुद्ध म्हणतो, पण ते लागतं माणसाला. शाळेत ज्याचं ‘भेटलं’ चारचौघांत दुरुस्त झालं, तो पुढे ‘मिळालं’ म्हणायला शिकतोच असं नाही. कित्येकदा तो बोलायचंच कमी करतो.

म्हणून माझा निवाडा असा. बोलण्यात ‘नोकरी भेटली’ ही चूक नाही. तो मराठीचाच एक वापर आहे, त्याला नियम आहे आणि त्याचा अर्थ पोचतो. प्रमाण मराठीच्या लेखनात, म्हणजे बातमीत, अर्जात, उत्तरपत्रिकेत, ‘मिळाली’ लिहावं. तिथे अनोळखी वाचक असतो, त्याला सूर ऐकू येत नाही आणि मागचंपुढचं विचारता येत नाही. माणसांबद्दल लिहिताना तर हा फरक कटाक्षाने पाळावा. डॉक्टर मिळाला नाही आणि डॉक्टर भेटला नाही या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. शिक्षकांनी मुलांना हे जरूर शिकवावं, पण ‘तुझं चुकलं’ असं न म्हणता ‘लिहिताना हा शब्द घे, कारण हा’ असं सांगून.

उठताना मुद्रितशोधकाने पुन्हा मोबाइल काढला. नातवाला काय लिहावं यावर थोडा वेळ विचार केला आणि शेवटी सरळ फोनच लावला. तो एवढंच म्हणाला, “बाळा, पहिल्या दिवशी काय घालून जाणार आहेस?” पलीकडून पोरगं पंधरा मिनिटं बोलत होतं. त्यात ‘भेटलं’ तीनदा आलं. वाहकाने बोटांवर मोजलं. मुद्रितशोधकाने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

तुमच्या घरातही कुणीतरी लवकरच असं वाक्य बोलेल. लेखणी हातात असेल तर ‘मिळाली’ लिहा. समोर माणूस असेल तर आधी पेढे मागा.